ट्रेसपासर मूल, भरपाई आणि ग्रुपवरची ‘नोट’

“इंग्लिश टॉर्ट, शॉर्ट नोट: परवानगीशिवाय आत शिरलेल्याला भोगवटादार काही देणं लागत नाही, लहान मूल असलं तरी. बाहेर बोर्ड लावला की जबाबदारी संपली. आणि मुलाची स्वतःची चूक निघाली तर दावा फेटाळला जातो.”

परीक्षेच्या तोंडावर हे भाचीच्या ग्रुपवर फिरतंय. शेवटचं वाक्य सर्वांत घातक, म्हणून आधी तेच घेऊ.

१९४५च्या काँट्रिब्युटरी नेग्लिजन्स, म्हणजे दावेदाराच्या स्वतःच्या चुकीचा वाटा, याविषयीच्या कायद्याने नेमकी हीच गोष्ट मोडीत काढली. दावेदाराची चूक असली तरी दावा टिकतो, फक्त त्याच्या वाट्याइतकी रक्कम कमी होते. ‘यंग विरुद्ध केंट काउंटी कौन्सिल’ (२००५) पाहा. बारा वर्षांचा मुलगा शाळेच्या छतावर चढला आणि ठिसूळ स्कायलाइटमधून खाली पडला. मुलं तिथे चढतात हे शाळेला ठाऊक होतं, आणि चढायची वाट थोडक्या खर्चात बंद करता आली असती. कौन्सिल जबाबदार ठरली. पण आपण करतोय ते चुकीचं आणि धोक्याचं आहे हे कळण्याइतका मुलगा मोठा होता, म्हणून भरपाई ५० टक्क्यांनी घटली. समजा पूर्ण नुकसान ८०,००० पौंड असेल, तर हातात ४०,००० येतील. शून्य नाही! वाटा ठरवताना मोजमाप त्या वयाच्या मुलाचं लावतात, प्रौढाचं नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत कपात बहुधा होणारच नाही.

पहिलं वाक्य १९२९ साली खपलं असतं. १९७२च्या हेरिंग्टन निकालाने ते खिळखिळं केलं आणि भोगवटादारांच्या जबाबदारीविषयीच्या १९८४च्या कायद्याने तीन प्रश्न घालून दिले: धोका माहीत होता का, किंवा असावा असं मानायला कारण होतं का; कुणी तिथे येईल याचीही तशीच कल्पना होती का; आणि त्या धोक्यापासून थोडंफार संरक्षण देणं अपेक्षित होतं का. तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तरच कर्तव्य निर्माण होतं.

बोर्डाचं म्हणाल, तर योग्य प्रसंगी इशारा पुरतो, एवढं खरं. पण वाचता न येणाऱ्या मुलासाठी कुंपणाच्या भोकाशेजारी लावलेल्या पाटीचा काय उपयोग?

एक अर्धसत्य मात्र नाइलाजाने मान्य करतो. ‘कीऑन’ (२००६) खटल्यात अकरा वर्षांचा मुलगा फायर एस्केपच्या बाहेरच्या बाजूने चढताना पडला आणि हरला. पण हरला तो जिन्यात काहीच दोष नव्हता म्हणून. धोका त्याच्या चढण्यात होता, जागेच्या स्थितीत नव्हता. अपिलात प्रकरण कर्तव्यापाशीच संपलं, टक्केवारीपर्यंत जायची गरजच उरली नाही. उत्तरात इथेच गोंधळ होतो: मुलाचा निष्काळजीपणा दिसला की विद्यार्थी थेट ‘कर्तव्य नाही’ लिहून मोकळे होतात. आधी कर्तव्य, मग त्याचा भंग, मग इजा त्यामुळेच झाली का, आणि काँट्रिब्युटरी नेग्लिजन्स त्यानंतर.

आणि हो, पडताना फुटलेल्या फोनचे पैसे १९८४च्या कायद्याखाली मागू नका. तो फक्त शारीरिक किंवा मानसिक इजेपुरता आहे.