पत्रिका पंधरा रुपयांना पडते तेव्हा

छापखान्याच्या काउंटरवर मला रोज एकच प्रश्न येतो, "पत्रिका कितीला पडेल?" मी विचारतो, "छापायच्या किती?" मग नवरदेवाचे वडील काकांकडे बघतात आणि काका छताकडे.

प्लेटा, मशीन लावणं आणि रंग जुळेपर्यंत रद्दीत जाणारे कागद यांचा खर्च 100 पत्रिकांना जवळपास तेवढाच, 1000 पत्रिकांनाही तेवढाच. हिशेबापुरते 3000 रुपये धरू. पुढे दर पत्रिकेला कागदाचे 5, छपाई-कटिंग-घडीचे 3 आणि पाकिटाचे 4, मिळून 12 रुपये. म्हणजे 100 छापल्या तर नग 42 रुपयांना, 400 ला साडेएकोणीस आणि 1000 ला फक्त 15. "पंधराच?" असं म्हणत काका छतावरून खाली उतरतात आणि हजाराची ऑर्डर देतात. वाटायची घरं 400. तेवढ्याच छापल्या असत्या तर 7800 रुपयांत भागलं असतं. आता 15000 जातात आणि वाटलेली पत्रिका साडेसदतीसला पडते. उरलेल्या 600 च्या कोऱ्या बाजूवर पुढची काही वर्षं किराण्याच्या याद्या होतात.

उलटी कंजुषीही महागच. आत्याच्या सासरची 50 घरं मागाहून आठवली, तर आधी जे 600 रुपयांत झालं असतं त्याला आता 3600 लागतात. प्लेटा जपल्या असल्या तर थोडे वाचतात, मशीन मात्र पुन्हा लावावंच लागतं.

मग येतात मामा. त्यांना पत्रिका "जरा मोठी" हवी असते. 20 बाय 30 इंचाच्या आर्टकार्डात उघडी 7 बाय साडेनऊची पत्रिका आठ वेळा बसते, कडेला मशीन जिथे कागद धरते त्या पकडीला जागाही उरते. ती साडेसात बाय दहा केली की आठ नग शीट काठोकाठ भरतात, पकडीला काहीच उरत नाही, आणि सहाच निघतात. कागद पाचाचा जवळपास पावणेसात झाला, तोही अर्ध्या इंचासाठी! त्यावर गडद मरून रंग आणि 300 जीएसएमचा जाड कागद हवा असेल, तर घडीआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच, करून घ्याच, नाहीतर घडीवर रंग तडकून पांढरी रेघ दिसते. खरखरीत टेक्स्चर कागदावर बारीक अक्षरं तुटतात आणि नेमकी आजोबांची पदवी वाचता येत नाही.

पाकीट आधी निवडावं, पत्रिका त्यात बसवावी. लोक उलट करतात आणि मग खास मापाच्या पाकिटासाठी डाय, म्हणजे कागद कापायचा साचा, बनवायचा खर्च येतो. नावं चुकतात पाकिटावर, म्हणून जादा घ्यायची तर 40 पाकिटं घ्या, 160 रुपयांत काम होतं. चकचकीत मेटॅलिक पाकीट मात्र घेण्याआधी घरच्या पेनाने त्यावर एक नाव लिहून बोट फिरवून बघा. जेलची शाई बराच वेळ ओली राहते, आणि "श्री. व सौ." मधल्या सौ. पुसल्या जातात.