मशीन अवर रेट पुरतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

आधीच्या लेखात मी म्हटलं होतं की ओव्हरहेड, म्हणजे कुठल्याही एका पार्टवर थेट लिहिता न येणारा खर्च, सगळ्या पार्टवर एकाच मशीन अवर रेटने, म्हणजे मशीनच्या तासाच्या एका दराने, न वाटता तो कशामुळे होतो त्याप्रमाणे वेगवेगळ्या दरांनी वाटावा.

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचला, पटला नाही. महिन्याचा ओव्हरहेड सहा लाख आहे तो सहा लाखच राहणार, एका दराने वाटा नाहीतर दहा दरांनी. आमच्यासारख्या पंधरा-वीस माणसांच्या शॉपला मशीन अवर रेट पुरतो. आणि किरकोळ ऑर्डर महाग ठरली म्हणून सोडली, तर सेटरचा पगार वाचतो का? हे मोठ्या कंपन्यांचं काम आहे."

उत्तर:

तुमचेच सहा लाख घेऊन बोलू. भाडं आणि वॉचमनचा पगार त्यात धरू नका, त्यांच्याकडे शेवटी येतो. समजा, शॉपमध्ये महिन्याला १,००० मशीन तास चालतात, म्हणजे दर पडला तासाला ६०० रुपये. पार्ट दोनच धरू. एक बुश, महिन्याला १८,००० नग, एकाच ग्राहकाचं ठरलेलं शेड्यूल. दुसरा स्पेसर, वेगवेगळ्या मापांचा, पाच-सहा ग्राहकांचे मिळून २,००० नग. दोन्हींचा सायकल टाइम तीन मिनिटं. तुमच्या दराने दोन्हींवर नगामागे ३० रुपयेच ओव्हरहेड बसतो.

आता स्पेसरची ऑर्डर मशीनवर चढते तेव्हा काय होतं ते बघा. सेटर आधीचे जॉ काढतो, सॉफ्ट जॉ लावून बोअर करतो, टूल बदलतो, ऑफसेट घेतो, पहिला पीस काढतो. पीस क्वालिटीकडे जातो, एक माप बाहेर निघतं, ऑफसेट दुरुस्त होतो, दुसरा पीस जातो, मग सही मिळते. या सेटअपमध्ये चार तास जातात. त्यानंतर जेमतेम बेचाळीस नग निघतात, तेही दोन तासांत, की पुन्हा जॉ काढायची वेळ. बुशचा सेटअपही चार तासांचाच, पण तो एकदा लागला की १,५०० नग निघतात आणि मशीन पंचाहत्तर तास तेच काम करतं. मशीन अवर रेट फक्त हे चालू तास मोजतो. आधीचे चार तास त्याला दिसतच नाहीत, म्हणून ते सगळ्या नगांवर सारखे पसरतात.

सहा लाख कशामुळे होतात ते वेगळं करू. वीज, घसारा, कूलंट, देखभाल असे ३ लाख मशीन चालण्यामुळे होतात. १ लाख ८० हजार सेटअपमुळे, महिन्याला ६० सेटअप. १ लाख २० हजार तपासणीमुळे, महिन्याला ८० लॉट. खर्च ज्या गोष्टीमुळे वाढतो ती त्याची कॉस्ट ड्रायव्हर. त्यानुसार मशीन तासाला ३०० रुपये, सेटअपला ३,००० आणि तपासणीच्या लॉटला १,५०० रुपये दर येतो.

बुशने ९०० तास, १२ सेटअप आणि २० लॉट वापरले. त्याचा ओव्हरहेड ३ लाख ३६ हजार, म्हणजे नगामागे साधारण १८ रुपये ६७ पैसे. स्पेसरने १०० तासच वापरले, पण ४८ सेटअप आणि ६० लॉट. त्याचा २ लाख ६४ हजार, म्हणजे नगामागे १३२ रुपये. बेरीज बरोबर सहा लाखच येते, तुमचं म्हणणं तिथे खरं आहे. पण एकाच दराने बुशवर दरमहा २ लाख ४ हजार रुपये जास्त टाकले आणि स्पेसरवर तेवढेच कमी. (सेटअप चालू असताना मशीन उभी राहते, तो खर्च मी इथे धरलेला नाही. तो धरला तर फरक आणखी वाढतो.)

याचा फटका कोटेशनला बसतो. मटेरियल आणि मजुरी मिळून दोन्ही पार्टना ५० रुपये धरा, त्यावर १५ टक्के नफा. तुम्ही दोन्हींना ९२ रुपये सांगणार. बुशसाठी दुसरा कोणी ८२ म्हणतो आणि ऑर्डर जाते, खरं तर तुम्हाला तो ७९ लाही परवडला असता. स्पेसरची किंमत १८२ रुपये पडत असताना तुम्ही ९२ म्हणता, म्हणून ती ऑर्डर तुमच्याकडेच येते. निम्मा बुश गेला तर तास राहतात ५५०. घसारा, पगार मात्र जागेवरच, म्हणून ओव्हरहेड फार तर ५ लाख ४० हजारांवर येईल. नवा दर तासाला ९८० च्या वर. पुढचं कोटेशन आणखी महाग आणि उरलेला बुशही हातातून जाण्याच्या वाटेवर.

हे कागदावरचं गणित नाही. अमेरिकेत आयोवातल्या वॉटर्लू इथे जॉन डीअरच्या कंपोनंट वर्क्समध्ये १९८० च्या दशकात असंच दिसलं होतं: टर्न केलेल्या पार्टच्या बोली लावल्या की कमी संख्येच्या ऑर्डर मिळत आणि मोठ्या संख्येच्या हातातून जात. कंपनी मोठी होती, पण कारण सेटअपचं होतं, आणि सेटअप तुमच्या शॉपमध्येही आहेत.

सेटरच्या पगाराचा तुमचा प्रश्न मात्र सगळ्यात महत्त्वाचा आहे. नाही, स्पेसर सोडला म्हणून २ लाख ६४ हजार वाचत नाहीत. हा आकडा कोणी किती क्षमता वापरली ते सांगतो, किती पैसे वाचतील ते नाही. म्हणून सेटअपचा दर काढताना प्रत्यक्ष झालेल्या ६० सेटअपनी भागू नका, जेवढे होऊ शकतात त्यांनी भागा. दोन सेटर, २५ दिवस, रोज आठ तास, म्हणजे ४०० तास. चहा, वाट बघणं, किरकोळ अडथळे वजा करून ३२० धरा. चार तासांचा एक, म्हणजे ८० सेटअप. दर आला २,२५० रुपये, आणि न वापरलेल्या २० सेटअपचे ४५ हजार वेगळे दिसले. ते कुठल्याच पार्टवर टाकायचे नाहीत. काम कमी असलेल्या महिन्यात दर फुगतो आणि चांगल्या ऑर्डरही महाग दिसतात, ते यामुळे टळतं.

स्पेसर पूर्ण बंद झाला तर १२ सेटअप उरतात, त्यांना एक सेटर पुरतो. दुसऱ्याला तुम्ही मशीनवर किंवा दुसऱ्या कामावर लावलं तरच फायदा, नाहीतर तो नुसता मोकळा बसेल. त्यामुळे ऑर्डर सोडण्यापेक्षा आधी लॉट वाढवून बघा. बेचाळीसच्या लॉटला सेटअपचा भार नगामागे ५४ रुपये येतो, सव्वाशेच्या लॉटला १८. कोटेशनमध्ये सेटअप चार्ज वेगळा लिहिला की ग्राहकही दोन महिन्यांचे नग एकदम मागवतो, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या शॉपला याची गरज आहे का, ते अर्ध्या दिवसात कळेल. मशीनची लॉगबुक आणि पहिल्या पीसच्या तपासणीचे रिपोर्ट काढा. प्रत्येक पार्टचा तासांतला वाटा आणि सेटअपमधला वाटा शेजारी शेजारी लिहा. वरच्या उदाहरणात बुशचे तास ९० टक्के आहेत आणि सेटअप २० टक्के, इतकी तफावत असेल तर एक दर चुकणारच. दोन्ही वाटे जवळपास सारखे असतील तर तुमचा मशीन अवर रेट खुशाल चालू ठेवा, मीही तोच वापरेन. सेटअप कुठे तासाचा आणि कुठे सहा तासांचा असेल, तर संख्या न मोजता सेटअपचे तास मोजा.

भाडं आणि वॉचमन यांना ड्रायव्हर शोधू नका. स्पेसरचा लॉट वाढला म्हणून वॉचमनचा पगार वाढत नाही. हा खर्च पार्टवर न टाकता सगळ्या पार्टच्या एकत्रित नफ्यातून वजा करा. तुमचे सीए वर्षअखेरीला स्टॉकचं मूल्यांकन एएस २ या हिशेबाच्या मानकाप्रमाणे नेहमीच्या क्षमतेवर करतात, ते तसंच चालू द्या. कोटेशनची शीट वेगळी ठेवा.