चिवड्यात गहू कुठून आला?

खाण्याच्या पाकिटांवरची लेबलं मी अरबीत आणते. आज सकाळी माल पाठवणाऱ्या एका एजंटाचा फोन आला. ‘ताई, चिवड्याचं अरबी लेबल झकास झालंय. फक्त त्यातला गहू तेवढा काढून टाका. पोह्याच्या चिवड्यात कुठे गहू असतो? छपाईची चूक असणार.’ तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसले.

चिवड्यात गहू नसतो, हिंगात असतो. निव्वळ हिंग इतका उग्र की घरोघरी तो सहसा कोणी वापरत नाही. आपण वापरतो तो बांधानी हिंग, म्हणजे हिंगाचा चीक डिंकात आणि पिठात कालवलेला, आणि ते पीठ बरेचदा गव्हाचं असतं. पाकिटावरच्या यादीत नुसतंच ‘मसाले, हिंग’ छापलेलं असतं, पीठ दिसतच नाही. ते कळतं खालच्या ठळक ओळीवरून: यात गहू आणि शेंगदाणे आहेत. उत्पादकाने प्रामाणिकपणे छापलेली ती ओळ आम्ही अरबीत आणताना गाळायची?

आमच्या शारजातल्या बिल्डिंगमध्ये समोर एक सीरियन कुटुंब राहतं. त्यांच्या धाकट्याला सिलिअक आहे, गव्हातलं ग्लुटेन त्याच्या आतड्याला सोसत नाही. माझ्या हातचा चिवडा तो आवडीने खातो, कारण मी तांदळाच्या पिठातला हिंग शोधून आणते. एकदा त्याची आई दुकानातलं पाकीट घेऊन आली. अरबी स्टिकरवर पोहे, शेंगदाणे, तेल, मीठ, हिल्तीत म्हणजे हिंग, सगळं व्यवस्थित होतं. गव्हाचं नाव नाही. मी स्टिकरचा कोपरा नखाने सोलला, तर खाली इंग्रजीत गहू! भाषांतर करणाऱ्याने ओळ गाळली आणि चिकटवणाऱ्याने नेमकी तीच झाकली. त्या बाईला इंग्रजी येत नाही. तिच्यासाठी ते स्टिकर हेच पाकीट.

एजंटाने मग तडजोड सुचवली, ‘असू शकतो’ असं लिहा. अरबीत ‘यहतवी अला’ म्हणजे आहे, आणि आधी छोटंसं ‘कद’ लावलं की असू शकतो. ‘कद’ कारखान्यातल्या चुकून मिसळलेल्या अंशासाठी असतं, मुद्दाम घातलेल्या पिठासाठी नाही. ही माल खपवायची सोय नव्हे.

भाषांतरासाठी येणाऱ्या पाकिटांच्या फोटोंचं तर विचारूच नका. चकचकीत, चुरगळलेलं पाकीट, वर ट्यूबलाइटची तिरीप, आणि ॲलर्जीची ओळ मागच्या शिवणीच्या घडीत. घटकांच्या यादीत रंग, आम्ल वगैरे नुसत्या आकड्यांनी लिहिलेले असतात. आजच्याच फोटोत एक आकडा ३२० दिसत होता. पण त्याआधी ‘आम्लता नियामक’ लिहिलं होतं, म्हणजे तो ३३०, सायट्रिक ॲसिड. ३२० हे तेल खवट होऊ नये म्हणून घालतात. आकड्याआधीचं काम वाचलं की चूक पकडता येते. मात्र १२० आणि १२२ दोन्ही लाल रंग आहेत, तिथे ही युक्ती चालत नाही. १२० किड्यापासून काढलेला कार्माइन, १२२ कृत्रिम कार्मोइसिन. इथल्या माणसाने हरामच्या शंकेने पाकीट परत ठेवावं, किंवा नको ते नकळत खावं, एवढा फरक त्या शेवटच्या आकड्यात आहे. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर १२० असणार नाही, हा एक आधार. तरी मी दुसरा फोटो मागतेच.

हिरव्या ठिपक्याचा वाद तर कायमचाच. एजंट ‘नबाती’ म्हणजे शाकाहारी लिहा म्हणतो. मान्य, ठिपका आहे म्हणजे ४७१ हे इमल्सिफायर प्राण्याच्या चरबीतून आलेलं नाही, इतपत त्याचं बरोबर. पण आपला ठिपका दूध चालवून घेतो, आणि ‘नबाती’ वाचून इथे कोणी दूधही नाही असं धरून चालतं. म्हणून जिथे दूध पावडर असते तिथे ‘नबाती’च्या लगेच खाली मी ‘यहतवी अला हलीब’ ठळक लिहिते. जागा नाही म्हणतात. मग कंपनीचा लोगो लहान करा ना!

आता थोडी शांत झालेय. एजंट बिचारा वाईट माणूस नाही. माल बंदरात अडकला की त्याचा जीव टांगणीला लागतो, आणि दर वेळी फोटो मागितला की दिवस जातो, हेही खरं. पण समोरच्या घरातल्या त्या पोराच्या पोटात जे दुखतं ते त्या दिवसापुरतं नसतं, आतड्याचं अस्तर भरून यायला महिने लागतात.

माझ्या यादीत माल पाठवणारे बरेच आहात, म्हणून सांगते. फोटो काढताना मागची शिवण उलगडा, उजेड बाजूने घ्या, आकड्यांचा जवळून वेगळा फोटो काढा, ठिपकाही दिसू द्या. हिंग कशात कालवलाय ते उत्पादकाकडून लेखी घ्या. आणि स्टिकर इंग्रजी ॲलर्जीच्या ओळीवर चिकटवू नका, शेजारी लावा.