पाऊण दाजी

दाजींच्या लग्नाची 1998 सालची व्हीएचएस कॅसेट. ती फाईल करून आणायला बेळगावातल्या एका दुकानात दिली, आणि पेनड्राइव्हवर जे आलं ते बघून माझं डोकंच फिरलं. सगळी वरात आडवी पसरलेली. हळदीची परात लंबगोल, घोडा डुकरासारखा. दुकानदार वर अभिमानाने म्हणतो, "फुल स्क्रीन करून दिलंय की!"

कॅसेटवरचं चित्र 4:3 असतं. आजच्या 1920 बाय 1080 च्या चौकटीत उंची पुरी भरली, की त्याची खरी रुंदी 1440 होते. उरलेले 480 दोन्ही बाजूंना 240-240 काळे राहतात. ते राहू द्यायचे. ह्या पठ्ठ्याने 1440 ओढून 1920 केलं, म्हणजे माणूस एक तृतीयांश जाड. आणि ते फाईलमध्येच भाजलेलं. पिक्सेलचा आकार बदलायची सेटिंग असते, पण ती फाईलची नोंद चुकलेली असते तेव्हा कामाची. इथे प्रीमिअर प्रोमध्ये क्लिपच्या मोशनमधली `Uniform Scale` ची खूण काढली आणि `Scale Width` 75 केलं. परात गोल झाली. नेहमी असलं काहीतरी गोल शोधावं, परात, घड्याळ, गाडीचं चाक. माणसांच्या तोंडावर विश्वास ठेवू नये.

कारण तोंडवाले दाजी मागेच उभे होते.

"हे काय करालास रे? मला बारीक केलास?"

"दाजी, तुम्ही होताच तसे."

"कोण म्हणतो? तेव्हा मी चांगला भरलेला होतो. मघाशी बरोबर दिसत होतो."

आतून ताई म्हणाली, "काही नाही, काडी होते. असूदे ते, मी पण बरी दिसते यात."

दाजींनी मोर्चा काळ्या पट्ट्यांकडे वळवला. "टीव्हीचे पैसे पुरे दिलेत. मग चित्र पाऊण का?"

पंचाहत्तर टक्के म्हणजे पाऊणच, हिशोब चुकला नव्हता, म्हणून जास्त राग आला. मी मूळ 75 ला हात न लावता क्लिप नेस्ट केली, म्हणजे एका वेगळ्या सिक्वेन्समध्ये गुंडाळली, आणि ते गाठोडं दोन्ही बाजूंनी सारखंच 133.3 टक्क्यांवर नेलं. पट्ट्या गेल्या. पण उंची 1440 झाली, तिच्यातले 360 कापले, म्हणजे वर-खाली मिळून पाव चित्र गेलं. मंगलाष्टकांत दाजींचा फेटा गायब.

"फेटा कुठाय?"

मग खालच्या ट्रॅकवर तीच क्लिप मोठी आणि धूसर करून पट्ट्यांच्या जागी ठेवली. हल्ली सगळे तेच करतात, मला ते अजिबात आवडत नाही. दाजींनाही नाही. "मागं भुतं नाचालीत."

शेवटी काळ्या पट्ट्यांसकट फाईल दिली. दुकानदाराने घेतलेले पैसे कोणी परत मागितले नाहीत, माझ्या रात्रीचे तर कोणी विचारलेही नाहीत. काल ताईकडे गेलो, तर दाजींनी रिमोटवरचं झूम दाबून ठेवलं होतं. पाहुणे कुंदा खात बिनडोक्याची वरात बघत होते.