विषय : पित्ताशय काढण्यासाठी रजा मिळणेबाबत

सोनोग्राफीत पित्ताशयात तीन खडे निघाले. त्यातला थोरला 14 मिलिमीटरचा. सर्जन म्हणाले, "दुर्बिणीतून काढू. चार छोटी भोकं, दुसऱ्या दिवशी घरी." हे मी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं, तिथेच चुकलं.

"शुक्रवारी ऑपरेशन, शनिवारी घरी. मग सोमवारी येताय ना?" साहेबांनी विचारलं.

मग रीतसर अर्ज लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात सगळी व्यथा ओतली. ऑफिसच्या निरोप समारंभात चार बटाटेवडे खाल्ले, दोन तासांनी उजव्या बरगडीखाली कळ आली, ती पाठीतून खांद्यापर्यंत चढली, वगैरे. बायकोने वाचून कागद परत दिला. "अहो, हा अर्ज आहे की मृत्युपत्र? कधीपासून कधीपर्यंत नाही आणि तुमचं काम कोण बघणार, तेवढं लिहा."

पण "कधीपर्यंत" हीच तर ग्यानबाची मेख! सर्जनना पुन्हा गाठलं. ते म्हणाले, बैठं काम असेल तर दहा दिवसांनी जा, जड मात्र सहा आठवडे उचलायचं नाही. आणि पित्ताशय फार सुजलेलं, चिकटलेलं निघालं, तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागतं. मग महिना-दीड महिना धरून चाला. असं क्वचित होतं, पण झालंच तर ते कळणार मी बेशुद्ध असताना. तेव्हा वाढीव रजेचा अर्ज कोण टाकणार? म्हणून आधीच लिहून ठेवलं : "दि. 13 मार्च ते 22 मार्च रजा मंजूर व्हावी. शस्त्रक्रियेचे स्वरूप बदलल्यास डॉक्टरांच्या दाखल्यानुसार ती वाढवून मिळावी."

मार्च हा शब्द दिसताच साहेबांचं पित्त खवळलं. "प्लॅन्ड आहे ना? मग मार्चएंड होऊ द्या की!"

प्लॅन माझा होता, खड्याचा नव्हता. तो घसरून पित्तनळीत अडकला तर कावीळ होते, कधी स्वादुपिंडाला सूज येते, आणि मग थेट अँब्युलन्सच येते. हेच वाक्य थोडं सरकारी करून अर्जात घातलं. सही झाली.

ऑपरेशन दुर्बिणीतूनच झालं. पोटापेक्षा खांदाच जास्त दुखला. पोट फुगवायला गॅस भरतात, त्याची ही करामत. दोन-तीन दिवसांत ओसरली.

23 तारखेला फिटनेस सर्टिफिकेट घेऊन केबिनमध्ये गेलो. पुरावा असावा म्हणून खड्यांची बाटलीही टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उजेडात धरून हलवली. खडखड वाजली. मग दार लोटून घेतलं, उजव्या बरगडीखाली हात ठेवला आणि हळूच विचारलं,

"तुमचं नेमकं किती वड्यांनंतर दुखायला लागलं हो?"