हळूहळू विझणारा दिवा, म्हणे!

"अरे, तुझा दिवा गेला बघ."

काल रात्री आई एवढंच म्हणाली आणि कूस बदलून झोपली. दिवा गेला नव्हता. दहा मिनिटांत हळूहळू विझेल असा झोपायच्या वेळचा एलईडी दिवा मी बनवतोय, आणि माझ्या हिशोबाने तो अजून मिनिटभर जळायला हवा होता, हळूहळू, अलगद, डोळ्याला कळणारही नाही असा विझत. प्रत्यक्षात तो जिना उतरताना शेवटच्या पायरीवरून पाय घसरावा तसा धाडकन अंधारात पडला. मी पलंगाच्या कडेला मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन बसलो होतो. दहा मिनिटं पूर्ण व्हायला सहासष्ट सेकंद बाकी होते!

पीडब्ल्यूएमने, म्हणजे डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने चालू-बंद करून, एलईडी मंद करणं म्हणजे काय मोठंसं, असं पहिल्या दिवशी मलाही वाटलं होतं. २५५ पासून शून्यापर्यंत अर्डुइनोचं `analogWrite`, दहा मिनिटांत २५५ पायऱ्या, म्हणजे पायरीला साधारण २.३५ सेकंद. संपलं. त्या रात्री पाच मिनिटं झाली तरी आई म्हणाली, "चालू केलायस ना? काही होत नाहीये." होत होतं हो! उजेड निम्मा झाला होता. पण निम्मा उजेड डोळ्याला निम्मा दिसतच नाही, पाऊण दिसतो. निम्मा *दिसायला* उजेड अठरा टक्क्यांवर यावा लागतो, आणि सरळ रेषेत उतरताना ते व्हायला आठ मिनिटं उलटून जातात. मग उरलेल्या पावणेदोन मिनिटांत सगळा खेळ आटोपतो. डोळा हा प्राणी मुळातच अप्रामाणिक आहे. टक्के मोजतो, आकडे मोजत नाही.

तर मग गॅमा टेबल, म्हणजे डोळ्याला पायऱ्या समान दिसाव्यात म्हणून कुठल्या पायरीला खरा उजेड किती द्यायचा याची यादी. कुठेही विचारा, गॅमा टेबल. आणि सगळीकडे तेच एक टेबल, २५६ आकड्यांचं, घातांक २.८, बाईटमधून बाईट. कोणीतरी कधीतरी बनवलं, दुसऱ्याने चिकटवलं, तिसऱ्याने त्यावरून चिकटवलं. उघडून बघितलंय का कोणी? मी काल रात्री साडेबारा वाजता उघडलं, आईच्या "दिवा गेला"नंतर. सुरुवातीची २८ घरं शून्य. अठ्ठावीस! मोजून घ्या, मी दोनदा मोजली. २८ गुणिले २.३५ म्हणजे माझे ते सहासष्ट सेकंद. माझा प्रोग्रॅम इमानदारीत २७, २६, २५ म्हणत खाली उतरत होता आणि टेबल प्रत्येक वेळी "शून्य" म्हणून हाकलून देत होतं.

आणि त्याच्या वरचा भाग तर आणखी भारी. पुढची १३ घरं १. त्यापुढची ८ घरं २. म्हणजे विझताना दिवा १९ सेकंद २ वर थिजून उभा, मग एका झटक्यात १ वर. दोनाचा एक! उजेड एका पायरीत निम्मा! वर २५५ चा २५० झाला तरी कुणाच्या बापाला कळत नाही, आणि इथे, जिथे खोली अंधारी आहे आणि डोळा सगळ्यात हळवा झालाय, तिथे निम्मा. मग अर्धा मिनिट १ वर ठिय्या. मग थेट बंद. याला 'पायऱ्या समान दिसाव्यात म्हणून' केलेली दुरुस्ती म्हणतात. समान! गच्चीवरून खाली यायला गुळगुळीत उतार बांधला आणि शेवटचे तीन फूट उडी मारा म्हणाले.

दोष वक्ररेषेचा नाहीच. वक्ररेषा खाली सपाट असते, तिथे तिला बारीक आकडे लागतात. ०.१, ०.३, ०.४७ असे. ते बाईटमध्ये कोंबले की गोल होऊन शून्य होणार, दुसरं काय होणार? आठ बिट घ्या, त्यांना वाकवा आणि परत आठच बिटांत भरा, यात खालच्या पायऱ्या मरणारच. हे एक वाक्य त्या टेबलाच्या डोक्यावर लिहायला कोणाचा हात दुखतो?

वर सल्ले बघा. एक म्हणतो `x*x/255` कर, टेबल कशाला. केलं. पहिली १६ घरं शून्य. धन्यवाद. दुसरा म्हणतो घातांक २.२ घे, तोच 'खरा' गॅमा. अरे, २.२ च्या आसपासचा आकडा आला जुन्या पिक्चर ट्यूबमधून, तिच्या इलेक्ट्रॉन गनच्या स्वभावातून! माझ्या एलईडीत कसली आलीय पिक्चर ट्यूब? डोळ्याचा स्वभाव योगायोगाने त्याच्या जवळपास बसतो म्हणून चालून जातं, एवढंच. बरं, २.२ नेही आठ बिटांत १५ घरं शून्यच राहतात. म्हणजे आईचा दिवा सहासष्टऐवजी पस्तीस सेकंद आधी मेला असता. केवढी ही प्रगती!

आता विषय निघालाच आहे तर तो निळा दिवाही घ्या. चार्जरवर निळा, स्पीकरवर निळा, एक्स्टेंशन बोर्डवर निळा. सगळे पूर्ण ताकदीनिशी, रात्रभर, डोळ्यात खुपसल्यासारखे. ज्याने तो निळा एलईडी तिथे बसवला त्याला एका निळ्या खोलीत झोपायला लावलं पाहिजे. माझ्याकडे काळ्या चिकटपट्टीचं एक अख्खं रिंगण केवळ या कामासाठी आहे. असो.

तर, मी रात्रीच हट्टाला पेटलो. बोर्डावरच्या एटीमेगा३२८ चिपमध्ये टायमर १ सोळा बिटांचा बसलाय, आणि `analogWrite` त्याच्याकडूनही आठच बिटांची हमाली करून घेतं. त्याला थेट हाताने धरलं, कमाल ४०९५ ठेवली, म्हणजे बारा बिट. पूर्ण सोळा बिटांचा मोह झाला होता, पण १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर ६५५३६ पायऱ्या मोजायच्या म्हणजे वारंवारता २४४ हर्ट्झवर येते आणि मान वळवली की दिव्याचे ठिपके दिसतात. बारा बिटांत ३९०० च्या वर मिळते. पुरे.

घातांकाचा नाद सोडला. २.८ बारा बिटांतही तळाची ११ घरं शून्यच ठेवतो, काय करायचंय त्याला घेऊन? सीआयई या प्रकाश-रंगाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं १९७६ चं एल-स्टार, म्हणजे डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचं माप, घेतलं, कारण ते तळाशी घन वक्ररेषा सोडून सरळ रेषेने जातं:

```
L = 100.0 * i / 255
Y = L <= 8 ? L / 903.3 : pow((L + 16) / 116, 3)
table[i] = round(4095 * Y)
```

तळाची घरं आली ०, २, ४, ५, ७, ९. एकही मेलेली पायरी नाही! मी एकटाच हसलो. रात्री दीड वाजता.

आता माझी अक्कल ऐका. हे टेबल दोन-दोन बाईटचं, म्हणजे ५१२ बाईट, आणि रॅम एकूण २०४८. पाव रॅम एका दिव्याला देणार नाही म्हणून टेबल `PROGMEM` मध्ये, म्हणजे प्रोग्रॅम राहतो त्या फ्लॅश मेमरीत, टाकलं. वाचणारी ओळ मात्र जुनीच राहिली, `pgm_read_byte`. दोन बाईटच्या आकड्यातला खालचा एक बाईट तेवढा येत होता. दिवा चालू केला तर जेमतेम सहा टक्के उजेड. तो हळूहळू मंद व्हायचा आणि दर पंधरा सेकंदांनी एकदम उसळायचा. परत मंद, परत उसळी. मी अर्धा तास वायर हलवत बसलो, रेझिस्टर बदलला, पॉवर सप्लायला शिव्या दिल्या. आई अंधारातून म्हणाली, "त्याला उचक्या लागल्यात का रे?" तिला झोप नाही, मला अक्कल नाही. `byte` च्या जागी `word` लिहिलं आणि उचक्या थांबल्या. दिवसभर दुसऱ्यांच्या टेबलांना नावं ठेवणारा हाच तो मी.

संपलं असं वाटलं ना? मलाही वाटलं. दिवा अगदी लोण्यासारखा उतरला, शून्यावर आला आणि विझलाच नाही. काळोखात डोळे सरावल्यावर एक बारीकशी ठिणगी तशीच. रजिस्टरमध्ये शून्य आहे, मी तीनदा बघितलं, तरी दिवा चालू. डेटाशीटमध्ये एक वाक्य आहे, झोपाळू डोळ्यांना न सापडणारं: मी टायमर ज्या प्रकारात लावला होता त्या फास्ट पीडब्ल्यूएममध्ये तुलनेचा आकडा शून्य ठेवला तरी प्रत्येक फेरीत एक टिकभर पिन वर जाते. `analogWrite(0)` हे गुपचूप सांभाळून घेतं, पिन सरळ खाली ओढतं. मी त्याला लाथ मारून आलो होतो, त्यामुळे हिशोब माझ्यावर. एक टिक म्हणजे साडेबासष्ट नॅनोसेकंद, ४०९६ मधला एक भाग, आणि अंधाराला सरावलेला डोळा तेवढंही टिपतो. वरच्या टोकाला शंभरातले पाच गेले तर पत्ता नाही आणि इथे चार हजारातला एक दिसतो याला. म्हटलं ना, अप्रामाणिक.

उपाय एका शब्दाचा निघाला, याचाच जास्त राग आला. टायमरचा प्रकार ठरवणाऱ्या बिटांपैकी `WGM12` खोडायचं. तेवढ्याने टायमर फेज करेक्ट प्रकारात जातो, तिथे शून्य म्हणजे खरोखर शून्य असतं. वारंवारता निम्मी, १९५३ हर्ट्झ, ती चालते.

```
TCCR1A = _BV(COM1A1) | _BV(WGM11);
TCCR1B = _BV(WGM13)  | _BV(CS10);
ICR1   = 4095;
OCR1A  = pgm_read_word(&table[i]);
```

आज रात्री परत लावला. स्टॉपवॉच घेऊन बसलो. पाच मिनिटांनी खरंच निम्मा वाटला. नवव्या मिनिटाला भिंतीवर नुसता रंग उरला होता. अगदी शेवटी २ वरून शून्यावर जाताना जरासा झटका कळला. एल-स्टार उजेडाला सरावलेल्या डोळ्यासाठी आहे, काळोखात मुरलेला डोळा तळाशी त्याहून तिखट असतो. पण तो झटका मी शोधत होतो म्हणून सापडला. आई तिसऱ्या मिनिटालाच घोरायला लागली होती. माझं सीआयई, माझे बारा बिट, माझं फेज करेक्ट, सगळं त्या घोरण्याला अर्पण.

आणि दिवा पूर्ण विझल्यावर खोली मात्र अंधारी झालीच नाही. बोर्डावरचा पॉवरचा एलईडी, ज्याला ना पीडब्ल्यूएम ना टेबल, तो छतावर झगझगीत हिरवा गोल पाडून बसला होता. गेले आठ दिवस माझ्याच नाकासमोर. चिकटपट्टी शोधायला उठलो तर ती मिळेना.