सात रुपये ऐंशी पैशांचा दर आठ रुपयांपेक्षा जास्त कसा ठरला

गेल्या पावसाळ्यात मी एक घाई केली. पारोळा तालुक्यातील आमच्या गावात दूध घेणारी दोन केंद्रे आहेत. त्यांपैकी जुने केंद्र म्हशीच्या दुधाला फॅटमागे, म्हणजे दुधातील स्निग्धांशाच्या दर टक्क्यामागे, 7.80 रुपये देत होते आणि नव्या केंद्राने 8 रुपयांचा फलक लावला होता. वीस पैसे जास्त मिळतात म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळीच किटली नव्या केंद्रावर नेली. दहा दिवसांचे बिल हाती आले तेव्हा दूध तेवढेच आणि फॅटही जवळपास तीच असूनही रक्कम आधीच्यापेक्षा थोडी कमीच होती. फसवणुकीचा संशय येऊन मी पावत्या घेऊन बसलो, तेव्हा चूक माझ्याच वाचण्यात असल्याचे लक्षात आले.

एका दिवसाचा हिशेब मांडतो. सकाळी दोन म्हशींचे मिळून 6 लिटर दूध झाले आणि फॅट 6.8 लागली. संध्याकाळी दूध 4 लिटर होते आणि फॅट 7.5 होती. फॅटमागे 8 रुपये म्हणजे सकाळच्या लिटरला 6.8 गुणिले 8, अर्थात 54.40 रुपये, आणि सहा लिटरचे 326.40 रुपये. संध्याकाळच्या लिटरला 60 रुपये, चार लिटरचे 240 रुपये. दिवसाचे एकूण 566.40 रुपये होतात. येथे अनेक जण दोन्ही वेळच्या फॅटची सरळ सरासरी 7.15 काढतात, दहा लिटरचे 572 रुपये धरतात आणि मग केंद्रावर जाऊन वाद घालतात. जास्त फॅट असलेले संध्याकाळचे दूध कमी असते, म्हणून दिवसाची खरी सरासरी 7.08 येते, या वादात केंद्राचे गणित बरोबर असते.

मात्र जुन्या केंद्रावर दूध लिटरच्या मापाने नव्हे, तर काट्यावर किलोत मोजले जाते, हे मी विसरलो होतो. दूध पाण्यापेक्षा जड असते आणि एक लिटर दुधाचे वजन साधारण 1.03 किलो भरते. म्हणजे माझे तेच दहा लिटर दूध जुन्या काट्यावर 10.3 किलो होते. आता 10.3 गुणिले 7.08 गुणिले 7.80 करून पाहावे, उत्तर 568.81 रुपये येते. कमी वाटणारा दर दिवसाला सुमारे अडीच रुपये जास्त देत होता! नव्या केंद्राने मला काहीही खोटे सांगितले नव्हते, कारण त्याचा दर लिटरमागचा होता आणि तो फलकावर लिहिलेलाही होता.

खरा घाटा वेगळ्याच ठिकाणी होतो. ‘फॅटच्या किलोला 800 रुपये’, म्हणजे दुधाच्या किलोला फॅटमागे 8 रुपये, असा दर जाहीर करायचा आणि हिशेब करताना मात्र लिटरचा आकडा तसाच किलो म्हणून धरायचा, असे झाले तर माझ्या दहा लिटरचे 583.39 रुपये व्हायला हवेत, तिथे 566.40 रुपयेच मिळतात. दिवसाचे सतरा रुपये म्हणजे दहा दिवसांच्या बिलात एकशे सत्तर रुपये. म्हणून पावतीवर दुधाच्या आकड्यापुढे ‘लि.’ आहे की ‘कि.’, हे मी आता दराच्या आधी पाहतो. शिवाय बोलताना ‘पॉइंट’ हा शब्दही जपून ऐकावा लागतो, कारण एक पॉइंट म्हणजे फॅटचा दहावा भाग. पॉइंटला 80 पैसे आणि फॅटला 8 रुपये हे एकच आहे. जिथे ठरावीक फॅटच्या खाली पॉइंटमागे वेगळी कपात लागते, तिथे मात्र हा साधा गुणाकार चालत नाही आणि केंद्राचा दरतक्ताच पाहावा लागतो.

एवढे सगळे करूनही नमुना चुकीचा घेतला गेला तर गणित निरुपयोगी ठरते. किटलीतले दूध अर्धा तास स्थिर राहिले की साय वर येते, आणि न ढवळता खालून घेतलेल्या नमुन्यात फॅट कमी दिसते. फॅट 0.3 ने कमी लागली तर दहा लिटरमागे 24 रुपये जातात, म्हणजे लिटर-किलोच्या फरकापेक्षाही जास्त. वरून घेतलेला नमुना माझ्या फायद्याचा असतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

गोठ्यातही असेच एक गणित आहे. शेवटच्या धारांमध्ये फॅट सर्वांत जास्त असते. पान्हा सुटावा म्हणून पारडाला आधी सोडणे ठीक, परंतु आमचा गडी कंटाळून शेवटचे दूधही त्याच्याचसाठी ठेवत असे. सरकीची ढेप वाढवूनही फॅट का वाढत नाही, याचा शोध मी दोन महिने घेत होतो. ती फॅट पारडाच्या पोटात जात होती. आता सुरुवातीला एक सड त्याला पाजतो आणि धार शेवटपर्यंत काढतो. किटली मात्र पुन्हा जुन्याच केंद्रावर जाते.